सारखीच श्रेणी, निराळी मुलं

सहामाहीचं प्रगतिपत्रक घरी आलं की आपण ते उलट्या क्रमाने वाचतो. आधी शेवटच्या रकान्यातली श्रेणी, मग शेजारच्या मुलाची श्रेणी, मग बाईंचा शेरा आणि मग सही. मधले दोन रकाने तसेच राहून जातात. एकावर ‘आकारिक’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘संकलित’. दोन्हींत आकडे असतात, त्यांची बेरीज पुढे असते, आणि बेरीज समोर असताना तिच्यातले तुकडे कोण कशाला बघेल?

पण महाराष्ट्रातल्या पहिली ते आठवीच्या प्रगतिपत्रकात खरी माहिती असलीच तर ती या दोन तुकड्यांत असते. बेरजेत ती पुसली जाते. हे कसं होतं ते एका उदाहरणावरून बघू. उदाहरण कल्पनेतलं आहे, पण असे आकडे शाळेत काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचे वाटतील.

सहावीच्या वर्गातली दोन मुलं घ्या, मीरा आणि ओंकार. विषय गणित. सहावीत प्रत्येक सत्रात विषयाच्या १०० गुणांपैकी ५० आकारिकचे आणि ५० संकलितचे असतात. संकलितच्या ५० मध्ये तोंडी किंवा प्रात्यक्षिक १० आणि लेखी ४०. आकारिकचे ५० शिक्षकांनी पाच साधनांवर सारखे वाटले आहेत असं समजू: तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी आणि स्वाध्याय, प्रत्येकी १०.

मीराला तोंडी कामात ९, उपक्रमात १०, प्रकल्पात १०, चाचणीत ६ आणि स्वाध्यायात १० मिळाले. आकारिक ४५. संकलितमध्ये तोंडी ८ आणि लेखी २०, म्हणजे २८. एकूण ७३. ओंकारला तोंडी कामात ५, उपक्रमात ६, प्रकल्पात ४, चाचणीत ९ आणि स्वाध्यायात ६ मिळाले. आकारिक ३०. संकलितमध्ये तोंडी ७ आणि लेखी ३६, म्हणजे ४३. एकूण ७३. ७१ ते ८० या टप्प्याला ब-१ श्रेणी आहे, तेव्हा दोघांच्याही पत्रकावर ब-१.

दोघांच्या आयांची शाळेच्या फाटकाशी गाठ पडली तर ‘आमचाही ब-१, तुमचाही ब-१’ एवढ्यावर बोलणं संपेल. गणितात मात्र या दोन मुलांची अवस्था एकसारखी मुळीच नाही, आणि दोघांना लागणारी मदतही वेगळी आहे. ती कोणती हे कळायला आधी हे दोन रकाने कशासाठी आखले गेले ते बघावं लागेल.

मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने १९६७ साली हा भेद मांडला तो मुलांबद्दल नव्हताच, अभ्यासक्रमांबद्दल होता. एखादा अभ्यासक्रम तयार होत असताना त्यात सुधारणा करण्यासाठी केलेली तपासणी एक, आणि तो तयार झाल्यावर कितपत उतरला हे ठरवण्यासाठी केलेली तपासणी दुसरी. पुढच्या काही वर्षांत बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार वर्गातल्या मुलांच्या शिकण्याला लावला. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेच्या प्रगतिपत्रकावर आकारिक आणि संकलित हे दोन रकाने उमटले. पहिली-दुसरीत आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीत ६०, पाचवी-सहावीत ५०, सातवी-आठवीत ४०. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना संकलित परीक्षाच नाही, तिथे सगळं आकारिक. मूल लहान असताना त्याला तीन तास एका जागी बसवून त्याची परीक्षा घेण्यापेक्षा त्याच्याकडे रोज बघितलेलं बरं, हा त्यामागचा विचार, आणि तो रास्तच आहे.

आता वर्गात जाऊ. अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. फळ्यावर १/२ + १/३ आहे आणि एका मुलाने वहीत उत्तर लिहिलंय, २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. शिक्षिका त्याच्या बाकाशी थांबतात. चूक असं म्हणत नाहीत. विचारतात, “अर्धी भाकरी खाल्लीस. मग आईने आणखी एक तिसरा हिस्सा वाढला, तोही खाल्लास. अर्ध्यापेक्षा जास्त झालं की कमी?”

“जास्त.”

“आणि दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?”

मुलगा जरा वेळ घेतो. पाचाचं अर्धं अडीच, आणि आपल्याकडे दोनच. “कमी. म्हणजे बाई, भाकरी वाढून कमी झाली?” शेजारचे हसतात, तोही हसतो. मग बाई कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या देतात. एक दुमडून दोन भाग, दुसरी दुमडून तीन भाग. दोन्हींचे तुकडे एकाच मापाचे करायचे तर प्रत्येक पट्टीचे सहा भाग हवेत, हे त्याला हातांनी कळतं. अर्धी म्हणजे तीन षष्ठांश, तिसरा हिस्सा म्हणजे दोन षष्ठांश, मिळून ५/६. बाई वहीत त्याच्या नावापुढे एक ओळ टिपतात: भिन्न छेद असताना अंश-अंश, छेद-छेद मिळवतो, पट्टी दिल्यावर सममूल्य अपूर्णांक स्वतः काढला, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघणे. पुढच्या आठवड्यात त्या त्याला १/४ + २/५ देतात. त्याने ३/९ लिहिलं तर जुनी खोड गेलेली नाही. १३/२० लिहिलं तर गेली. ५/२० + ८/२० पर्यंत पोचला आणि पुढे १२/२० लिहिलं, तर समज आली आहे, फक्त बेरजेत घाई झाली. तीन उत्तरं, आणि प्रत्येकानंतर शिक्षिकेने करायचं काम वेगळं.

याला आकारिक मूल्यमापन म्हणतात. त्याचा वाचक मुळात शिक्षक आहे आणि दुसरा वाचक ते मूल. ‘उद्या काय शिकवू’ या प्रश्नाचं ते उत्तर. शासन निर्णयात त्यासाठी आठ साधनं सांगितली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि इतर. चाचणीबद्दल त्यात एक मजेशीर अट आहे. ती आधी वेळापत्रक जाहीर न करता, अनौपचारिकपणे घ्यायची, आणि पुस्तक उघडं ठेवून घेतली तरी चालेल. कारण स्पष्ट आहे. मूल आज नेमकं कुठे आहे ते बघायचंय, त्याने रात्रभर घोकंपट्टी करून आलेलं सोंग नव्हे.

संकलित परीक्षेत हेच गणित दोन गुणांचा एक प्रश्न म्हणून येतं. मुलाने २/५ लिहिलं की शून्य. लसावि चुकला तरी शून्य किंवा एक. आकडे उतरवून घेताना घोळ झाला तरी तेच. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला कारण दिसलं तरी रकान्यात कारण लिहायला जागा नसते, आणि सत्र संपलेलं असतं. म्हणून संकलित परीक्षेला नावं ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे. मला ती पटत नाही. आकारिकमध्ये मूल अपूर्णांकांच्या धड्यात बसून अपूर्णांक सोडवतं. आज बेरीज चालू आहे हे त्याला माहीत असतं. दोन महिन्यांनंतरच्या पेपरात त्याच्यापुढे कोन, पूर्णांक, अपूर्णांक, गुणोत्तर सगळं एकत्र येतं, शेजारच्या बाकावर मदत नसते, बाई भाकरीची आठवण करून देत नाहीत. कुठे काय वापरायचं हे त्याचं त्यालाच ओळखावं लागतं. शिकलेलं टिकलं का, आणि ते दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभं राहतं का, हे सांगण्याची ताकद संकलित परीक्षेत आहे. वर्गातल्या निरीक्षणात ती तितकी नाही.

आता मीरा आणि ओंकारकडे वळू. मीराच्या आकारिकमधले चार आकडे ९ आणि १० आहेत, एकच ६. तो ६ चाचणीचा आहे. आणि लेखी परीक्षेत ४० पैकी २०. या दोन आकड्यांत साम्य काय? दोन्ही वेळा मीरा एकटी होती. उपक्रम गटात झाला, प्रकल्प घरी झाला, स्वाध्याय कदाचित शिकवणीत किंवा ताईच्या शेजारी बसून. जिथे सोबत कोणी होतं तिथे पैकीच्या पैकी, जिथे नव्हतं तिथे अर्ध्याच्या आसपास. तोंडीचे ९ आणि ८ सांगतात की तिला बोलून दाखवता येतं, कल्पना तिच्या कानावरून गेलेली नाही. तेव्हा मीराला हवाय तो एकटीने गणित शेवटपर्यंत नेण्याचा सराव. दर चार दिवसांनी, कोणी न सांगता, मिसळलेली पाच उदाहरणं. तिचा प्रकल्प आणखी सुंदर करून काही साधणार नाही.

तिला चाचणीत ९ असते आणि लेखीत २० असते, तर निदान बदललं असतं. मग ती एकटीने सोडवू शकते, पण धडा ताजा असेपर्यंतच. दोन महिन्यांनी विसरते, किंवा सगळे धडे एकत्र आल्यावर गोंधळते, किंवा पेपर पुरा होत नाही. यातलं नेमकं काय हे उत्तरपत्रिका बघूनच कळेल. शेवटची पानं कोरी असतील तर वेळ, मधेमधे भलत्याच रीती असतील तर गोंधळ.

ओंकारचं उलटं. एकटा असताना तो ९ आणि ३६ आणतो. गणित त्याला येतं. प्रकल्पात ४ का? बहुतेक वेळा अशा ४ मागे उशिरा दिलेला किंवा अर्धवट दिलेला प्रकल्प असतो. तसं असेल तर तो गुण गणिताचा नाहीच. शिस्तीचा आहे, किंवा घरी कार्डशीट आणायला पैसे नसल्याचा. तोंडीतले ५ आणि ७ सांगतात की तो बोलत नाही. हा मुलगा ब-१ चा आहे असं लिहून त्याच्या आईवडिलांना आपण चुकीची बातमी दिली. गणितात तो बराच वर आहे, आणि त्याची अडचण गणिताच्या बाहेर आहे.

इथे या पद्धतीतला सगळ्यात मोठा घोळ उघडा पडतो. आकारिकचा हेतू चूक वेळेवर सापडावी हा, आणि आपण त्याचे गुण करून संकलितात मिळवतो. मग २/५ लिहिणाऱ्या मुलाचं काय करायचं? त्याने पहिल्या दिवशी चुकवलं, दुसऱ्या आठवड्यात बरोबर केलं. पहिल्या दिवसाचे गुण धरले तर शिकण्याआधी येत नव्हतं म्हणून त्याला दंड झाला, आणि चूक दाखवली तर गुण जातात हे कळल्यावर पुढच्या वेळी तो शेजारच्याची वही बघेल. दुसऱ्या आठवड्याचे धरले तर शेवटी वर्गातल्या सगळ्यांनाच ९ आणि १० मिळतील, कारण चांगल्या शिक्षिकेने सगळ्यांना तिथवर आणलेलं असेल. पहिलं अन्यायाचं आणि दुसरं निरुपयोगी. दुसरं मी केव्हाही पत्करेन. पण खरं तर अशा नोंदीला आकड्याची गरजच नव्हती.

आकडा जोडला की काय होतं याचा एक जुना आणि छान प्रयोग आहे. इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी तो १९८८ साली प्रसिद्ध केला. पाचवी-सहावीच्या मुलांचं काम तपासून काहींना फक्त गुण दिले, काहींना कामावर फक्त लेखी अभिप्राय दिला, आणि काहींना गुणही दिले, अभिप्रायही दिला. नंतरच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त अभिप्राय मिळालेल्यांच्या. दोन्ही मिळालेल्यांचा फायदा सर्वांत जास्त व्हावा असं आपल्याला वाटेल, पण ते फक्त गुण मिळालेल्यांच्याच पंक्तीत बसले. मुलांनी आकडा बघितला आणि मजकूर सोडून दिला. आपण प्रगतिपत्रकाशी जे करतो तेच.

शिक्षकांच्या बाजूनेही हे बघायला हवं. तिसरी-चौथीचा एकच वर्गशिक्षक, तीस मुलं, चार मुख्य विषय, प्रत्येक विषयाला पाच साधनं. एका सत्रात सहाशे नोंदी, आणि कला-कार्यानुभव-खेळ वेगळे. शिवाय प्रत्येक मुलासाठी वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. परिणामी अनेक ठिकाणी क्रम उलटा होतो. आधी संकलितचा पेपर तपासला जातो, मुलाची साधारण श्रेणी डोक्यात ठरते, आणि तिला शोभतील असे आकारिकचे गुण मागाहून भरले जातात. नोंदींची वाक्यं तयार छापील पुस्तिकांतून उतरवली जातात. हे ओळखणं कठीण नाही. सगळ्या मुलांचे आकारिक आणि संकलित आकडे एकाच उंचीने वरखाली होत असतील, वर्गात एकही मीरा किंवा ओंकार सापडत नसेल, तर आकारिकच्या रकान्यात नवी माहिती काहीच नाही. आणि ‘गणितात रुची घेतो, अधिक सरावाची गरज’ हे वाक्य भावाच्या आणि बहिणीच्या दोन्ही पत्रकांवर असेल तर त्यातून दोघांचंही काही कळलं नाही असं समजावं.

नववी-दहावीत गेल्यावर पालक ‘अंतर्गत २० गुणां’ना आकारिक समजतात. त्यात शाळेतल्या शाळेत होणं एवढंच साम्य आहे. त्या गुणांवरून कोणाचा पुढचा तास बदलत नाही, ते निकालाकडेच जातात, म्हणून ते शाळेने दिलेलं संकलितच. २०१९ साली हे चांगलंच दिसलं. त्या वर्षी राज्य मंडळाने दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, तेव्हा सगळा दोष एकाच गोष्टीवर टाकता येत नाही. पण गुण परत आणले गेले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, सगळं मूल्यमापन शाळांनी केलं, आणि निकाल ९९.९५ टक्के. ज्या आकड्यावर मुलाचं पुढचं कॉलेज ठरतं, तो आकडा त्याच्याच शाळेने द्यायचा म्हटल्यावर शाळा हात आखडता घेणार नाही. यात शाळांची लबाडी बघण्यापेक्षा रचना बघावी. मुलाला मदत करणारा आणि त्याचा निवाडा करणारा माणूस एकच ठेवला, तर एक काम दुसऱ्याला खाणार.

तेव्हा पालकसभेत ‘श्रेणी का घसरली’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा आकारिकचे पाच आकडे वेगवेगळे मागावेत आणि चाचणीचा आकडा लेखीच्या आकड्याशेजारी ठेवून बघावा. मग एका विषयाची उत्तरपत्रिका मागावी आणि तीन चुका दाखवून विचारावं की या एकाच कारणाने झाल्या की वेगवेगळ्या. बहुतेक शिक्षकांना हा प्रश्न आवडतो, कारण त्यांना तो कोणी विचारत नाही. ज्यांच्याकडे उत्तर नसतं त्यांचंही कळतं.

पाचवी आणि आठवीच्या पालकांना तर हे आता टाळताच येणार नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लावली. पाचवीला विषयाचे ५० गुण, आठवीला ६०, आणि उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के. नापास झालेल्या मुलाला कायद्याने जादा मार्गदर्शन द्यायचं आहे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची आहे. तिथेही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागू शकतं. हे दोन महिने उन्हाळ्याचे असतात. मुलाच्या हातात ५० पैकी १४ लिहिलेला कागद असतो, आणि त्या १४ वरून मे महिन्यात काय शिकवायचं ते कोणालाच कळत नाही. ते वर्षभराच्या आकारिक नोंदवहीतून कळायला हवं. वहीत ‘सुधारणा आवश्यक’ असेल तर शिक्षकाला पहिल्या धड्यापासून सगळं पुन्हा सुरू करावं लागेल, आणि दोन महिने पुरणार नाहीत. ‘भिन्न छेद असताना छेद-छेद मिळवतो, भागाकारात शून्य सोडतो, शाब्दिक उदाहरण वाचून दाखवलं तर सोडवतो’ असं असेल, तर काम तीन गोष्टींचं आहे, आणि त्यातली तिसरी बहुधा गणिताची नसून वाचनाची आहे.